पाठीतून येणाऱ्या कळा

नववा महिना लागला की घरातल्या मोठ्या बायकांची एक सूचना हमखास येते: फरशी खाली बसून, ओणवं होऊन पूस, म्हणजे बाळंतपण सोपं जाईल. जात्यावर दळणाऱ्या आणि अंगण सारवणाऱ्या आज्या-पणज्यांचा दाखला सोबत असतोच. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या जीन सटन या अनुभवी सुईणबाईंनी पॉलिन स्कॉट यांच्याबरोबर पुस्तिका लिहून जवळपास हाच सल्ला मांडला. त्यांचं म्हणणं असं, की सोफ्यात मागे रेलून बसायची सवय लागल्यामुळे पोटातलं बाळ आपली पाठ आईच्या पाठीकडे करून बसतं; आई पुढे झुकून वावरली तर बाळाची जड पाठ गुरुत्वाने पुढे, पोटाकडे येईल. पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ते जगभर पसरलं.

मग ऑस्ट्रेलियात ते तपासून पाहिलं गेलं. अडीच हजारांहून जास्त गर्भवतींपैकी निम्म्यांना ३७ व्या आठवड्यापासून रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं हातागुडघ्यांवर राहून कंबर वरखाली हलवायला सांगितलं. उरलेल्यांना रोज चालायला सांगितलं. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जन्माच्या क्षणी बाळ पाठीकडे पाठ करून असण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं, शंभरात आठच्या आसपास होतं. थोडक्यात, फरशी पुसायची तर फरशी स्वच्छ व्हावी म्हणून पुसावी. ज्या बाईला नवव्या महिन्यात ते झेपत नाही, तिने आपण बाळाचं काही वाईट करतोय असं मनात आणायचं कारण नाही.

पण म्हणून अंगस्थितीचा काहीच उपयोग नाही असंही नाही. उपयोग आहे, फक्त सांगितला जातो तो नव्हे. तो कळण्यासाठी आधी बाळ आत कसं असतं ते पाहू.

डोकं खाली, पाय वर ही बहुतेक बाळांची शेवटच्या आठवड्यांतली स्थिती. पायाळू बाळाची गोष्ट वेगळी, ती इथे नको. डोकं खाली असलं तरी बाळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हा प्रश्न उरतोच. सोयीची स्थिती म्हणजे बाळाची पाठ आईच्या पोटाकडे आणि तोंड आईच्या कण्याकडे. याच्या उलट असेल, म्हणजे बाळाचा कणा आईच्या कण्याकडे आणि तोंड पोटाकडे, तर डॉक्टर त्याला पोस्टीरियर किंवा नुसतं ‘ओपी’ म्हणतात. प्रसूती सुरू होताना पाच-सहा बाळांमागे एखादं तरी असं असतं. जन्मताना मात्र शंभरात पाच-सहाच तशी उरतात. बाकीची वाटेत वळलेली असतात, तीही बहुतेक वेळा कुणी काहीही न करता.

ही स्थिती अडचणीची ठरते ती डोक्याच्या मापामुळे. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असेल तर कटीतून जाताना डोक्याचा सर्वांत लहान, साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास पुढे येतो. ओपी बाळाचा कणा आईच्या कण्याला भिडलेला असल्यामुळे त्याला पुरतं वाकता येत नाही, हनुवटी उचललेली राहते आणि पुढे येणारं माप साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास जातं. अरुंद गळ्याचा स्वेटर घालताना आपण हनुवटी छातीशी घेतो, ती वर ठेवली तर स्वेटर कपाळाशी अडतो, हिशोब तोच. दुसरी गोष्ट वळण्याची. सोयीच्या स्थितीतल्या बाळाला बाहेर येण्याआधी साधारण पंचेचाळीस अंश वळावं लागतं, तर ओपी बाळाला पुढे यायचं तर एकशे पस्तीस अंश. म्हणून वेळ लागतो. कळा विस्कळीत येतात, दोन लागोपाठ येऊन मग मोठी विश्रांती घेतात, आणि गर्भपिशवीचं तोंड उघडायला तासन् तास जातात.

वळवतं कोण, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. ते मधोमध आणि पुढच्या बाजूला उतरते असतात. डोक्याचा जो भाग या उताराला आधी टेकतो तो घसरत पुढे जातो. हनुवटी नीट खाली असेल तर आधी टेकतो तो डोक्याचा मागचा भाग, आणि बाळ वळतं. म्हणजे बहुतेक वेळा खरं वळण प्रसूतीच्या उत्तरार्धात, डोकं खोल उतरल्यावर येतं. सातव्या किंवा नवव्या महिन्यात सोनोग्राफीच्या कागदावर बाळाची पाठ मागे दिसली म्हणून हादरण्यात अर्थ नाही तो यामुळेच. उलटही खरं आहे. फिनलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोनोग्राफी करून पाहिलं तेव्हा शेवटी ओपी जन्मलेल्या बाळांपैकी बहुतेक जण सुरुवातीला ओपी नव्हतेच; ते प्रसूती चालू असताना उलटे फिरले होते.

आता दुखण्याकडे येऊ. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर, कुणी आतून दाबतंय असं दुखणं, आणि कळ ओसरली तरी पुरतं न जाणारं: पाठीतून कळा येणं म्हणतात ते हे. साधारण तीन-चार बाळंतिणींमागे एकीला हे तीव्रतेने होतं. बाळाच्या डोक्याचा मागचा कठीण भाग त्या हाडावर घासतो म्हणून ते होतं, असं स्पष्टीकरण सगळीकडे दिलं जातं आणि काही जणींच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण त्यावरून ‘पाठ दुखतेय म्हणजे बाळ ओपी आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. बोस्टनमध्ये दीड हजारांवर बायकांच्या प्रसूतीत वेळोवेळी सोनोग्राफी करून झालेल्या अभ्यासात, बाळ ओपी असणाऱ्यांनाच पाठीतून जास्त कळा येतात असं आढळलं नाही. अमेरिकेतल्या प्रसूतिशिक्षिका पेनी सिमकिन यांनी २०१० मध्ये या विषयावरच्या समजुती एकेक करून तपासल्या, त्यांत हीही होती. गर्भपिशवीच्या संवेदना वाहणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जिथे शिरतात तिथेच कमरेच्या त्वचेच्या नसाही येतात, त्यामुळे बाळ कसंही असलं तरी कळ कमरेत जाणवू शकते. मला स्वतःला हा या सगळ्यातला सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष वाटतो. पाठदुखीवर उपाय करायला बाळाचं तोंड कुठे आहे हे आधी ठरवावं लागत नाही.

बाळाची स्थिती ओळखण्याच्या खुणा मात्र आहेत. बाई उताणी झोपली की पोटाला गोलाई न येता बेंबीच्या खाली खळगा पडतो. पुढून हात लावला तर सलग पाठ न लागता हातपाय लागतात, लाथा पुढच्या बाजूला, मध्यावर जाणवतात. बाळाचे ठोके मध्यावर नीट न मिळता कुशीकडे मिळतात. आतून तपासताना तोंड पुरेसं उघडलं असेल तर बोटाला टाळू लागते. पुढची टाळू मोठी, चार कोनी. मागची लहान, तीन कोनी. मोठी टाळू आईच्या पुढच्या बाजूला लागली तर बाळ ओपी आहे. पण डोक्यावर सूज आली की ही बोटांची ओळख चांगल्या चांगल्यांना चकवते, म्हणून निर्णय घ्यायची वेळ आली की ओटीपोटावरून सोनोग्राफी करून बाळाचे डोळे कुठे आहेत ते पाहणं हा खात्रीचा मार्ग.

एक प्रसंग रचून पाहू, म्हणजे हे सगळं क्रमाने कसं घडतं ते कळेल. पहिलटकरीण आहे, एकोणचाळीसावा आठवडा. तिला सुजाता म्हणू. पहाटे तीनला कंबर धरून येते आणि सुटते. दर सात-आठ मिनिटांनी. कंबर धरते तेव्हा पोटही दगडासारखं होतं, म्हणजे ही नुसती पाठदुखी नाही. उठून बसलं की बरं वाटतं, उताणं पडलं की असह्य होतं. आई म्हणते, “अगं, जरा आडवी हो, दमशील.” आईची माया बरोबर, सल्ला अर्धा बरोबर. आडवं व्हायचं तर कुशीवर; उताणं नव्हे. उताणं झोपलं की बाळाचं सगळं वजन त्याच हाडावर येतं आणि पोटामागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाऊन चक्करही येऊ शकते. सुजाता डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घेऊन, कळांच्या मधल्या वेळात डुलक्या काढते. लांबणाऱ्या प्रसूतीत ही झोप फार मोलाची.

सकाळी अकराला ती रुग्णालयात. तोंड चार सेंटिमीटर. सिस्टर तपासून म्हणतात, “बाळाचं तोंड पुढे आहे ताई, वेळ लागेल.” जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार प्रसूतीचा वेगवान टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, त्यामुळे चारला ‘अजून काहीच होत नाही’ म्हणून धास्तावण्याचं कारण नाही. सुजाता खाटेवर गुडघे टेकून, उभ्या केलेल्या डोक्याकडच्या भागावर हात आणि छाती टाकून ओणवी राहते. पोट खाली लोंबतं, कंबरेवरचा भार सुटतो. कळ आली की कंबर गोल फिरवते. हात भरून आले की खाली उभं राहून खाटेवर पुढे झुकते, मग पुन्हा गुडघ्यांवर.

तिच्याबरोबर तिची आई आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवू द्यावी, असा केंद्राचा २०१६ पासूनचा निर्देश आहे. खासगी ठिकाणी आधी विचारून ठेवावं. आईला दोन गोष्टी करता येतात. पहिली: कळ सुरू होताच तळहाताचा मनगटाकडचा भाग त्या सपाट हाडावर ठेवून जोराने दाबायचं आणि कळ उतरेपर्यंत सोडायचं नाही. चोळायचं नाही, दाबायचं. नेमकी जागा सुजाताच सांगेल, आणि बाळ खाली सरकेल तशी ती जागाही खाली सरकेल. दुसरी: मागे उभं राहून दोन्ही तळहात नितंबांच्या बाहेरच्या, मांसल बाजूंना लावायचे आणि एकमेकांकडे, किंचित वर असे दाबायचे. याने कटीची मागची हाडं हलकीशी उघडतात. ताकद लागते. आईचे हात थकले की नवऱ्याने, किंवा सिस्टरनी. जोडीला टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पिशवीचा शेक. एपिड्युरल दिलं असेल तर मात्र शेक नको, बधिर जागी भाजलेलं कळत नाही.

दुपारी दोनला पाठ खूपच बरी आहे. तपासलं तर तोंड सहा सेंटिमीटर. आणि बाळ? जसंच्या तसं, ओपी. या सगळ्या प्रकरणातली समजून घेण्याची गोष्ट नेमकी ही. प्रसूतीच्या काळात तासाभरात निदान अर्धा तास हातागुडघ्यांवर राहिलेल्या बायकांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची पाठदुखी स्पष्टपणे कमी झाली, बाळ वळण्यात मात्र खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. फ्रान्समध्ये पुढे एका विशिष्ट कुशीवर झोपवून पाहिलं, तिथेही बाळं वळण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तेव्हा “एवढा वेळ ओणवी राहिले तरी बाळ वळलं नाही” असं सुजाताने मनाला लावून घेऊ नये. ती ओणवी राहिली ते पाठीसाठी, आणि पाठीला ते लागू पडलं. अमुकच कुशीवर अमुकच तास, असा नेमका नुस्खा कुणी देत असेल तर त्याच्या आत्मविश्वासाला पुराव्याचा आधार नाही. अंगाला जे सोसतं ते करावं, अर्ध्या-पाऊण तासाने बदलावं. एक पाय खुर्चीवर ठेवून त्या बाजूला झुकणं, बॉलवर बसून डुलणं, चालणं, सगळं चालतं. बाळाचे ठोके सतत मोजायची गरज असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधीचं सिझेरियन असेल तर काय चालेल ते डॉक्टरांना विचारून.

पाठदुखी आवरत नसेल तर एक साधा उपाय आहे, आणि तो आपल्याकडे लोकांना फारसा ऐकूनही ठाऊक नसतो. कमरेवरच्या दोन खळ्या आणि त्यांच्या थोडं खाली, आतल्या बाजूला दोन जागा, अशा चार ठिकाणी त्वचेतच निर्जंतुक पाण्याचे थेंबभर इंजेक्शन. औषध नाही, नुसतं शुद्ध पाणी. पहिली अर्धा मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते, मग काही मिनिटांत पाठदुखी उतरते आणि तास-दीड तास तशी राहते. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये अठराशेहून जास्त बायकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या तासाने दुखणं निम्म्यावर येणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होतं. तसंच मिठाचं पाणी टोचलेल्यांत ते तीसच्या आसपास. त्याच चाचणीत सिझेरियन मात्र कमी झाली नाहीत. पोटातल्या कळांवर याचा उपयोग नाही, फक्त पाठीवर. आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हरकत नाही.

एपिड्युरल हवं असेल तर तेही घ्यावं, दुखणं सोसण्यात पुण्य नाही. एवढं माहीत असावं, की बोस्टनच्या त्याच अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्यांपैकी शंभरात जवळपास तेरा बाळं ओपी जन्मली, न घेतलेल्यांपैकी तीन-चार. तळाचे स्नायू सैल पडल्याने वळण चुकत असावं, असा एक अंदाज आहे. एपिड्युरलनंतरही कुशी बदलत राहता येतं, फक्त मदत लागते.

सुजाताकडे परत येऊ. सायंकाळी सहाला तोंड नऊ सेंटिमीटर आहे आणि तिला जोर करावासा वाटतोय. ओपी बाळात ही घाईची भावना लवकर येते, कारण डोक्याचा मागचा भाग गुदाशयावर दाबतो. “आत्ता जोर करू नका ताई, कड सुजेल,” असं सिस्टर म्हणतात ते यासाठी. तोंडाची उरलेली कड बाळाचं डोकं आणि हाड यांच्यात चिमटली तर सुजते आणि उघडण्याऐवजी अडसर होते. गुडघे आणि छाती गादीला टेकून, ढुंगण वर अशी स्थिती घेतली की डोक्याचा दाब थोडा मागे हटतो आणि ही भावना आवरता येते. सुजाता फुंकर मारत काही कळा घालवते. सातला पूर्ण दहा. सव्वाआठला, जोर करता करता, बाळ सरळ वळतं आणि पाऊण तासाने जन्मतं. वळलं कशामुळे? डोकं तळाच्या स्नायूंवर टेकलं, कळा जोरदार होत्या, कटी पुरेशी होती. ओणवं राहण्याचा त्यात किती वाटा, ते कुणीच सांगू शकणार नाही.

न वळतं तर? तीन वाटा होत्या. बाळ तसंच, आकाशाकडे तोंड करून, जन्मू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला तर सहजही. दोन, डॉक्टर आत हात घालून कळेबरोबर डोकं हळूच वळवतात. तोंड पूर्ण उघडलेलं, पाणमोट फुटलेली आणि लघवीची पिशवी रिकामी हवी. याने सिझेरियन किती टळतं याबाबत अभ्यासांचं एकमत नाही, पण अनुभवी हातात ही काही मिनिटांची कृती आहे. किंवा व्हॅक्यूम अथवा चिमटा. तिसरी वाट सिझेरियनची, आणि ती कधी घ्यायची याचं उत्तर घड्याळात कमी आणि प्रगतीत जास्त असतं. कळा जोरदार असूनही डोकं खाली सरकत नाही, डोक्यावरची सूज वाढत जाते, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात, बाळाचे ठोके उतरतात, पाणी हिरवं येतं: यांपैकी काही असताना ‘आणखी थोडं ओणवं राहून पाहू’ म्हणणं चुकीचं. पहिलटकरणीला पूर्ण उघडल्यावर तीन तासांपर्यंत वेळ देता येतो, पण बाळ आणि आई दोघं ठीक असतील तरच.

आणि काही पाठदुख्या मुळात या गोष्टीतल्या नसतात. सदतीस आठवड्यांच्या आधी कंबर ठरावीक अंतराने धरायला लागली तर ती वेळेआधीची प्रसूती असू शकते. दुखणं मध्ये थांबतच नाही आणि पोट सतत कडक राहतं, रक्त जातंय, ताप आणि लघवीला जळजळ आहे, बाळाची हालचाल मंदावली आहे, जुन्या सिझेरियनच्या टाक्यांवर दुखतंय, अशा वेळी उशा आणि बॉल बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठायचं. पाणी गेलं आणि डोकं अजून वर असल्याचं आधी सांगितलं असेल तरीही तसंच, कारण नाळ आधी खाली येण्याचा धोका असतो.

ओपी जन्मलेल्या बाळाचं डोकं कधी लांबट, कधी एका बाजूला सुजलेलं दिसतं. काही दिवसांत ते आपोआप आकारात येतं. त्यासाठी डोकं दाबून गोल करण्याची गरज नाही आणि ते करूही नये. आईला मात्र मोठं फाटण्याची शक्यता जास्त असते. टाके नीट तपासून घ्यावेत आणि माकडहाड पुढे बरेच आठवडे बसताना दुखत राहिलं तर ‘बाळंतपणानंतर असतंच’ म्हणून सोडून न देता दाखवावं. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा तसंच असेल असं नाही, आणि असलं तरी एकदा रुळलेली वाट दुसऱ्या बाळाला बहुधा लवकर मिळते.